चड्डीला लागतं, ते मुद्दाम नाही

तिसरीतला मुलगा. शाळेतला संडास घाण, म्हणून शी दाबून धरायचा. एकदा खडा होऊन दुखलं, मग घरीही टाळू लागला. आता रोज चड्डी डागाळलेली. आई ओरडते, ‘एवढा घोडा झालास, कळत नाही?’ खरंच कळत नाही. घट्ट मळ साचून गुदाशय इतकं ताणलं जातं, की शी आल्याची जाणीवच बोथट होते. वरचा पातळ मळ त्या गोळ्याच्या कडेने झिरपतो. घरच्यांना ते जुलाब वाटतात; जुलाब थांबवायचं औषध दिलं, की गोळा आणखी घट्ट.

डॉक्टर आधी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यातून देऊन काही दिवसांत गोळा बाहेर काढतात. पुढे कमी मात्रा कित्येक महिने चालते; ताणलेला भाग सावरायला तेवढा वेळ लागतोच. शी मऊ झाली म्हणून पालक पावडर मध्येच बंद करतात, आणि डाग परत दिसू लागतात.