पास सोडला, सामने उरले : रिफंड नेमका कशावर ठरतो?

2025 च्या आयपीएलमध्ये 30 एप्रिलला चेपॉकवर पंजाब किंग्जने चेन्नई सुपर किंग्जला हरवलं आणि चेन्नई स्पर्धेबाहेर गेली. प्ले-ऑफच्या शर्यतीतून बाद झालेला त्या हंगामातला तो पहिला संघ. तो हंगामातला 49 वा सामना होता आणि एकूण सामने होते 74. फक्त चेन्नईसाठी पैसे भरलेल्या प्रेक्षकाच्या मनात त्या रात्री एकच प्रश्न आला असेल : अजून 25 सामने बाकी आहेत, मला ते पाहायचे नाहीत, मग तेवढे पैसे परत मिळतील का?

बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. पण ते नेहमीच ‘नाही’ नसतं, आणि कधी ‘हो’ होतं हे कळायला आपण नेमकं काय विकत घेतलं होतं, ते आधी पाहावं लागतं.

अ‍ॅपवर विकल्या जाणाऱ्या क्रीडा पासांचे ढोबळ मानाने दोन प्रकार असतात. पहिला मुदतीचा : तीन महिने किंवा एक वर्ष अ‍ॅप उघडं राहील, त्या काळात जे दाखवलं जाईल ते पाहा. भारतात बहुतेक प्रेक्षक आयपीएल अशाच योजनेतून पाहतात. दुसरा खरा सीझन पास : एका स्पर्धेचे सगळे सामने, पहिल्यापासून अंतिम सामन्यापर्यंत. ‘अ‍ॅपल टीव्ही’वर 2023 साली सुरू झालेला अमेरिकेतल्या मेजर लीग सॉकरचा पास या प्रकारातला होता. सुरुवातीला पूर्ण हंगामासाठी त्याची किंमत 99 डॉलर होती. पहिल्या प्रकारात कंपनी तुम्हाला दिवस विकते, दुसऱ्यात सामने. ‘उरलेले सामने’ हा मुद्दा दुसऱ्या प्रकारातच सहज मांडता येतो.

हिशेब समजावा म्हणून एक काल्पनिक पास धरू. किंमत 740 रुपये, म्हणजे आयपीएलच्या 74 सामन्यांना सामन्यामागे 10 रुपये. ग्राहकाने तो 22 मार्चला, पहिल्या सामन्याच्या दिवशी घेतला आणि 30 एप्रिलच्या रात्री सोडायचं ठरवलं. कंपनी काही रक्कम परत द्यायला तयार आहे, असंही धरू. ती किती असेल?

सामन्यांवर मोजलं तर 25 सामने बाकी, म्हणून 250 रुपये. पण पास तीन महिन्यांच्या मुदतीचा असेल आणि दिवसांवर मोजलं, तर 22 मार्च ते 21 जून या 92 दिवसांपैकी 40 वापरले आणि 52 उरले. परतावा 418 रुपये होतो. मुदतीचा शेवटचा भाग अंतिम सामन्यानंतरचा, म्हणजे क्रिकेटविना असतो, म्हणून दिवसांचा हिशेब ग्राहकाच्या बाजूने झुकतो. तिसरी पद्धत मात्र त्याच्या विरोधात जाते. काही ठिकाणी वापरलेला भाग सवलतीच्या नव्हे, तर सुट्या दराने मोजतात. एका सामन्याचा सुटा दर 15 रुपये असेल, तर झालेल्या 49 सामन्यांचे 735 रुपये होतात आणि ग्राहकाच्या हाती 5 रुपये राहतात. पास तोच, तारीख तीच, तरी उत्तरं तीन. म्हणून परताव्याच्या अटीत ‘उर्वरित भागाच्या प्रमाणात’ असं लिहिलेलं असेल, तर प्रमाण कशाचं, दिवसांचं की सामन्यांचं, आणि वापरलेला भाग कोणत्या दराने, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ग्राहकाच्या मनात आणखी एक हिशेब असतो, आपल्या संघाचा. चेन्नईचे साखळीतले 14 पैकी 4 सामने तेव्हा बाकी होते. पण पास संपूर्ण स्पर्धेचा असेल, तर हा हिशेब कंपनी मानणार नाही. ते चार सामने व्हायचेच होते आणि ते झालेही. आपला संघ हरला, बाद झाला किंवा आवडता खेळाडू जखमी झाला, ही सेवेतली त्रुटी ठरत नाही. फक्त एका संघाचे सामने देणारा पास घेतला असेल, तरच संघापुरती मोजणी करण्याला अर्थ आहे.

इथपर्यंतची परिस्थिती मन बदलल्याची होती. सामने खूप उरले आहेत, एवढ्याच कारणाने पैसे परत मागण्याचा सर्वसाधारण हक्क भारतातला कायदा देत नाही. तिथे पासाच्या अटी आणि कंपनीची तयारी यांवरच सगळं ठरतं. पण याच 2025 च्या हंगामात आठवड्याभरात परिस्थिती पूर्ण बदलली. 8 मे रोजी धरमशालेतला पंजाब-दिल्ली सामना मध्येच थांबवावा लागला आणि भारत-पाकिस्तान तणावामुळे दुसऱ्या दिवशी स्पर्धा स्थगित झाली. तोवर 57 सामने पार पडले होते. 17 मे रोजी स्पर्धा पुन्हा सुरू झाली, तेव्हा धरमशालेतला अर्धवट सामना धरून 17 सामने बाकी होते आणि 25 मेचा अंतिम सामना 3 जूनवर गेला होता.

आता आपल्या काल्पनिक पासावर ‘25 मेपर्यंत वैध’ असं छापलेलं आहे, असं धरा. त्या तारखेपर्यंत उरलेल्यांपैकी 11 सामने झाले. साखळीतले शेवटचे दोन आणि प्ले-ऑफचे चारही, असे 6 सामने त्यानंतर झाले. संपूर्ण हंगाम म्हणून विकलेल्या पासातून अंतिम सामनाच निसटला असता. इथे ग्राहकाचं मन बदललेलं नाही, विकलेली गोष्टच त्याला मिळालेली नाही. अशा वेळी उरलेले सामने हाच मागणीचा मुख्य आधार असतो. मागणी दोन प्रकारे करता येते : मुदत अंतिम सामन्यापर्यंत वाढवा, नाही तर न दाखवलेल्या सामन्यांचे पैसे परत द्या. बहुतेकांना पहिलीच सोयीची, कारण सहा सामन्यांचे 60 रुपये परत मिळाले, तरी त्यात अंतिम सामना पाहायला मिळत नाही.

पुढे ढकललेला सामना आणि रद्द झालेला सामना यांतही फरक आहे. 2021 ची आयपीएल 4 मे रोजी 29 सामन्यांनंतर थांबली आणि उरलेले 31 सामने 19 सप्टेंबरपासून अमिरातीत झाले. वर्षभराच्या योजनेला त्याने फारसा धक्का बसला नसेल, पण एप्रिलमध्ये घेतलेली तीन महिन्यांची योजना सप्टेंबरपर्यंत पोहोचणारच नव्हती. पावसाचा मुद्दा वेगळा. 17 मे 2025 चा बंगळुरू-कोलकाता सामना एकही चेंडू न पडता रद्द झाला. तो वेळापत्रकात झालेल्या सामन्यांत मोजला जातो आणि त्यासाठी पासाचे पैसे परत मागण्यात सहसा काही निष्पन्न होत नाही.

मागणी करायची ठरवली, तर पहिलं काम ऑटो-रिन्यू बंद करण्याचं. फोनवरून अ‍ॅप काढून टाकल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही, पैसे कापले जातच राहतात. गुगल प्ले किंवा अ‍ॅप स्टोअरमधून पैसे भरले असतील, तर ते तिथल्या सबस्क्रिप्शनच्या यादीतून बंद करावं लागतं. यूपीआय ऑटोपे असेल, तर अ‍ॅपमधली योजना आणि यूपीआयमधला मँडेट, दोन्ही तपासावेत. मात्र यामुळे फक्त पुढची वसुली थांबते, भरलेले पैसे परत येत नाहीत, आणि पास सहसा मुदत संपेपर्यंत चालू राहतो. रिफंड मंजूर झाला की मात्र सामने पाहणंही बहुधा तिथेच बंद होतं. म्हणून आधी ठरवावं : पैसे हवेत की उरलेले सामने?

रिफंड मागायचा तो ज्याने पैसे घेतले त्याच्याकडे. अ‍ॅपलमधून पैसे गेले असतील, तर अर्ज reportaproblem.apple.com वर करायचा. गुगल प्लेमधून गेले असतील, तर खरेदीनंतरच्या पहिल्या 48 तासांत गुगलकडे मागणी करणं सोपं जातं. त्यानंतर अ‍ॅपच्या कंपनीकडे जावं लागतं. मोबाइलच्या रिचार्जसोबत पास मिळाला असेल, तर त्याची वेगळी किंमतच पावतीवर नसते आणि परत मागायला आकडा उरत नाही.

अर्जात ऑर्डर क्रमांक, खरेदीची तारीख, खरेदीच्या वेळी दाखवलेल्या अटींचा स्क्रीनशॉट आणि उरलेल्या सामन्यांची तारखांसह यादी द्यावी. शिवाय आज तोच पास नव्या ग्राहकाला कितीला विकला जातो आहे, तेही पाहून लिहावं. परदेशात हंगाम सरत जातो तसे सीझन पास स्वस्त होतात. मेजर लीग सॉकरच्या पासाची किंमतही हंगामाच्या मध्यावर कमी केली गेली. ती घटलेली किंमत म्हणजे उरलेल्या सामन्यांचं कंपनीने स्वतःच केलेलं मोल. अर्ज केल्यावर पुढचे सामने मात्र पाहू नयेत. अ‍ॅपकडे पाहिल्याची नोंद राहते आणि मागणी तिथेच लुळी पडते.

नकार आला आणि कारण सेवेतल्या त्रुटीचं असेल, तर कायद्याचा आधार आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष सेवा थांबवून ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत ठरलेली नसेल तर 30 दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सबस्क्रिप्शन बंद करण्याचा मार्गच मुद्दाम अवघड करून ठेवणं हे 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदलेल्या 13 फसव्या पद्धतींपैकी एक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते.

सगळ्यात स्वस्त उपाय खरेदीच्या वेळचा आहे. पैसे भरण्याआधी पासावर शेवटची तारीख छापलेली आहे की ‘अंतिम सामन्यापर्यंत’ असं लिहिलेलं आहे, ते पाहा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. संघ बाद झाल्यावर तो बहुधा कामाला येणार नाही. स्पर्धाच लांबली, तर मात्र तुमच्या बाजूने बोलणारा पुरावा तोच असेल.