तीन रेषा, एक बिंदू आणि भिंतीला टेकलेली शिडी

एनसीईआरटीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात शिडीचं एक उदाहरण अनेक वर्षं छापलं गेलं आहे. शिडी ३ मीटर लांब आणि २० किलो वजनाची. वरचं टोक गुळगुळीत भिंतीला टेकलेलं, पाय खडबडीत जमिनीवर, भिंतीपासून १ मीटर दूर. प्रश्न असा, की भिंत शिडीला किती बलाने ढकलते आणि जमीन किती बलाने? बहुतेक मुलं तीन समीकरणं मांडून हे सोडवतात. पण कागदावर तीन रेषा ओढल्या तरी उत्तर मिळतं आणि शिडी कधी घसरेल हेही त्याच चित्रात दिसतं. म्हणून हीच शिडी घेऊन तिच्या काही मजेदार गोष्टी पाहू.

छेदबिंदू हवेत असतो

आधी चित्र काढा. ‘गुळगुळीत भिंत’ याचा अर्थ भिंतीला घर्षण नाही. अशी भिंत शिडीला फक्त स्वतःशी काटकोनात, म्हणजे आडवी, ढकलू शकते. वरच्या टोकातून एक आडवी रेषा ओढा. वजन गुरुत्वमध्यातून सरळ खाली जातं, म्हणून शिडीच्या मध्यातून एक उभी रेषा ओढा. या दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू ना शिडीवर असतो, ना भिंतीवर. तो शिडीच्या मध्याच्या बरोबर डोक्यावर, वरच्या टोकाइतक्याच उंचीवर, मोकळ्या हवेत असतो.

आता जमिनीचं बल. जमीन शिडीला वर उचलते आणि घर्षणाने भिंतीकडे ढकलतेही. ही दोन्ही मिळून पायाशी लागणारं एकच तिरकं बल धरा. ते कोणत्या दिशेने असेल? पायापासून थेट त्या हवेतल्या बिंदूकडे. दुसरी दिशा शक्यच नाही.

कारण समजायला सोपं आहे. त्या बिंदूभोवती शिडी फिरवायची ताकद वजनात नाही, कारण त्याची रेषा त्या बिंदूतूनच जाते. भिंतीच्या बलाचंही तेच. उरलं जमिनीचं बल. त्याची रेषा जराशीही बाजूने गेली, तर शिडीला त्या बिंदूभोवती फिरवणारं बल शिल्लक राहील आणि ते थोपवायला कोणीच नसेल. म्हणून स्थिर वस्तूवर तीनच बलं असतील आणि ती समांतर नसतील, तर त्यांच्या रेषा एकसंपाती असायलाच हव्यात. तीन बलांचा नियम म्हणतात तो हाच.

उत्तर दोन ओळींत

शिडीचा पाय भिंतीपासून १ मीटरवर आणि लांबी ३ मीटर, म्हणून पायथागोरसने वरच्या टोकाची उंची २.८३ मीटर येते. शिडीचा मध्य पायापासून आडवा अर्धा मीटर आत. म्हणजे जमिनीच्या बलाची रेषा अर्धा मीटर आडवी जाताना २.८३ मीटर वर चढते. जमिनीशी तिचा कोन ८० अंश.

२० किलोचं वजन म्हणजे १९६ न्यूटन. एवढा भार जमिनीलाच उचलावा लागतो, कारण गुळगुळीत भिंत वर काहीच उचलत नाही. बलाची उभी आणि आडवी बाजू २.८३ आणि ०.५ याच प्रमाणात असणार, म्हणून आडवी बाजू ३४.६ न्यूटन. हेच घर्षण, आणि भिंत ढकलते तेही एवढंच, उलट दिशेने. जमिनीचं एकूण बल १९९ न्यूटन. पुस्तकातलं उत्तर अगदी हेच आहे, आणि आपल्याला आघूर्णाचं समीकरण मांडावंही लागलं नाही.

बल शिडीच्या दिशेत नसतं

विद्यार्थ्यांच्या चित्रांत हमखास आढळणारी चूक म्हणजे जमिनीच्या बलाचा बाण शिडीच्याच दिशेत काढणं. आपली शिडी जमिनीशी ७०.५ अंशांचा कोन करते, बल मात्र ८० अंशांचा. यात एक सुंदर प्रमाण लपलंय. दोन्ही रेषा सारख्याच उंचीवर पोचतात, पण शिडी त्यासाठी १ मीटर आडवी जाते आणि बल अर्धाच मीटर. म्हणून सारखी जाडी असलेली कोणतीही शिडी घ्या, कोणत्याही कोनात लावा, जमिनीच्या बलाचा चढ शिडीच्या चढाच्या बरोबर दुप्पट असतो. कोन दुप्पट नव्हे, चढ.

घसरण्याची अट चित्रातच आहे

घर्षण बल दाबाच्या प्रमाणात वाढतं, हे गियोम आमाँताँ या फ्रेंच संशोधकाने १६९९ मध्ये मांडलं. जमीन जास्तीत जास्त किती घर्षण देऊ शकते आणि तिच्यावर दाब किती आहे, यांचं गुणोत्तर म्हणजे घर्षण गुणांक. आपल्या चित्रात घर्षण आणि दाब यांचं गुणोत्तर म्हणजे ०.५ भागिले २.८३, साधारण ०.१८. जमिनीचा गुणांक याहून जास्त असेल तर शिडी टिकेल, कमी असेल तर घसरेल.

या गणितात वजन कुठेच आलं नाही, हे लक्षात घ्या. लोखंडाची जड शिडी आणि बांबूची हलकी शिडी एकाच कोनात लावल्या आणि पायाखालचं घर्षण सारखं असलं, तर एक टिकेल तिथे दुसरीही टिकेल. शिडी जड आहे म्हणून ती घट्ट बसेल, ही समजूत इथे चालत नाही. जास्त दाबामुळे घर्षण वाढतं खरं, पण पायाला बाहेर सरकवणारा जोरही त्याच प्रमाणात वाढतो.

आणखी एक सापळा. समजा जमिनीचा गुणांक ०.५ आहे. मग ०.५ गुणिले १९६, म्हणजे ९८ न्यूटन घर्षण लागतंय असं अनेकजण लिहून मोकळे होतात. ते चूक. ९८ ही जमिनीची कमाल मर्यादा. गरज ३४.६ न्यूटनचीच आहे, आणि जमीन तेवढंच देते. गुणाकाराचं सूत्र फक्त शिडी घसरण्याच्या अगदी काठावर असताना लागू पडतं.

माणूस चढला की बिंदू सरकतो

आता ६० किलोचा रंगारी शिडीवर चढवू. बलं चार झाली असं वाटेल, पण दोन्ही वजनं खालीच जातात, म्हणून ती एकत्र करून त्यांच्या सामाईक गुरुत्वमध्यातून एकच उभी रेषा ओढता येते. पुन्हा तीनच बलं.

रंगारी जसजसा वर जातो तसतशी ही उभी रेषा भिंतीकडे सरकते. छेदबिंदूची उंची तीच राहते, तो फक्त आडवा भिंतीकडे जातो, आणि जमिनीचं बल अधिकाधिक तिरकं होत जातं. रंगारी अगदी वरच्या टोकाला पोचला, तर सामाईक मध्य पायापासून आडवा ०.८७५ मीटरवर येतो. लागणारा गुणांक ०.१८ वरून ०.३१ वर जातो.

भिंतीवरचा जोर तर थक्क करतो. एकूण वजन २० किलोवरून ८० किलो झालं, म्हणजे चौपट. भिंतीवरचं बल मात्र ३४.६ वरून जवळपास २४३ न्यूटनवर गेलं, म्हणजे सातपट! वजन वाढलं आणि ते भिंतीच्या जवळही गेलं, असा हा दुहेरी परिणाम आहे.

जमिनीचा गुणांक ०.२५ धरला तर अपघात कुठे होईल हेही सांगता येतं. बलाची रेषा २.८३ मीटर वर जाताना जास्तीत जास्त ०.७१ मीटर आडवी जाऊ शकते. सामाईक मध्य तिथे येतो तेव्हा रंगारी शिडीवर पायापासून २.३३ मीटरवर असतो. म्हणजे तीन-चतुर्थांशाहून जास्त शिडी अगदी निर्धास्त वाटते, आणि जमिनीपासून सुमारे २.२ मीटर उंचीवर पाय सटकतो. खालच्या दोन पायऱ्यांवर उभं राहून शिडी हलते का ते पाहणं ही पुरेशी परीक्षा का नाही, ते यावरून कळतं.

खालच्या पायरीवरचा मदतनीस

शिडीच्या पायाशी दुसऱ्याने उभं राहायची पद्धत सगळीकडे दिसते. तिच्यात किती अर्थ आहे? मदतनीसही ६० किलोचा धरा आणि तो अगदी तळाशी शिडीवरच उभा आहे असं समजा. एक ६० किलो वरच्या टोकाला, एक ६० किलो खालच्या टोकाला, म्हणून सामाईक मध्य पुन्हा शिडीच्या बरोबर मध्यावर! लागणारा गुणांक परत ०.१८, जणू शिडीवर कोणीच नाही. भिंतीवरचा जोर मात्र २४३ न्यूटनच राहतो. मदतनीस तो कमी करत नाही. तो फक्त जमिनीवरचा दाब वाढवतो आणि त्यामुळे घर्षणाची क्षमता वाढते. यासाठी त्याने आपला भार खरोखर शिडीवर टाकायला हवा. बाजूला जमिनीवर उभं राहून शिडीला नुसता हात लावला, तर हे गणित लागू होत नाही.

अदलाबदल केली तर?

भिंत खडबडीत आणि जमीन गुळगुळीत असेल, तर तिरकी शिडी कधीच टिकत नाही, भिंत कितीही खरखरीत असली तरी. जमीन आता फक्त सरळ वर ढकलते आणि वजन सरळ खाली ओढतं. आडवं बल उरतं ते फक्त भिंतीचं, आणि त्याला तोलणारं काहीच नाही. म्हणजे भिंतीने आडवं ढकलायचंच नाही. पण दाब नाही तर घर्षण कुठून येणार? भिंतीचा सगळा खडबडीतपणा वाया जातो.

दोन्ही खडबडीत असतील, तेव्हा आपलं चित्र एका जागी अडतं. भिंतीच्या बलाची दिशा आता ठाऊक नसते, म्हणून छेदबिंदू वजनाच्या उभ्या रेषेवर नक्की कुठे आहे ते सांगता येत नाही. शिडी नुसती टिकून असेल, तर दोन्हीकडची घर्षणं नेमकी किती हे फक्त समतोलाच्या नियमांवरून काढताच येत नाही. पुस्तकं भिंत गुळगुळीत का ठेवतात, याचं उत्तर इथे आहे. मात्र घसरण्याची मर्यादा काढता येते, कारण तेव्हा दोन्ही घर्षणं आपल्या कमाल किमतीला असतात. जमिनीचा गुणांक ०.५ आणि भिंत गुळगुळीत असेल, तर शिडी ४५ अंशांपर्यंत तिरकी करता येते. भिंतीचाही गुणांक ०.५ केला तर साधारण ३७ अंशांपर्यंत. भिंतीच्या घर्षणाने फक्त आठ अंशांची सवलत मिळाली.

घसरल्यावर नियम संपतो

तीन रेषांनी एका बिंदूत भेटायचं बंधन स्थिर शिडीपुरतंच आहे. शिडी सुटली की रेषा भेटेनाशा होतात आणि म्हणूनच ती फिरत फिरत खाली येते. भिंत आणि जमीन दोन्ही अगदी गुळगुळीत असताना शिडी हातातून सोडली, तर तिचं वरचं टोक जमिनीपर्यंत भिंतीला घासत जात नाही. सुरुवातीच्या उंचीच्या दोन-तृतीयांश उंचीवर आलं की ते भिंत सोडून देतं. आपल्या २.८३ मीटर उंचीच्या शिडीसाठी ती जागा जमिनीपासून साधारण १.८९ मीटरवर येते.