ग्राइंडरचा अडकलेला नट

अँगल ग्राइंडरची डिस्क झिजली की तिला धरून ठेवणारा चपटा नट सोडवावा लागतो. हा नट हाताने जेवढा आवळलेला असतो, त्याहून कितीतरी घट्ट झालेला सापडतो, कारण मशीनच तो आवळत असते. नटाच्या बाजूने पाहिले तर डिस्क घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. लोखंड तिला मागे ओढते, त्या ओढीने नट स्पिंडलवर घड्याळाच्या दिशेने सरकतो आणि आवळत जातो. कापताना डिस्क खाचेत अडकून मशीनला झटका बसला असेल, तर नट हमखास जाम झालेला असतो. नट कोणत्या बाजूला सुटतो हे म्हणूनच लक्षात ठेवावे लागत नाही: मशीनच्या डोक्यावर फिरण्याचा बाण असतो, त्याच दिशेने नट सुटतो.

आधी प्लग काढायचा. नुसते बटण बंद करून भागत नाही. डोक्यावरचे लॉकचे बटण दाबून डिस्क हाताने हळू फिरवली की आतली पिन गिअरच्या खाचेत ‘टक’ करून बसते. मग दोन दातांचा पाना नटाच्या भोकांत पूर्ण बसवून बाणाच्या दिशेने ओढायचा. डिस्क अजून फिरत असताना हे बटण कधीही दाबू नये. पिन तुटते, नाहीतर तिच्याभोवतीचे अॅल्युमिनियमचे घर तडकते.

नट हलला नाही की बरेचजण पान्यावर हातोडी मारतात. तो सगळा धक्का त्या बारीक पिनेवर येतो. पिन गेली, तर लॉकची सोय संपते. डिस्क टाकूनच द्यायची असल्याने सोपा मार्ग वेगळा आहे. समजा, चार इंची मशीनवर पातळ कटिंग डिस्क झिजून नटाबाहेर बोटभर उरली आहे. चष्मा व हातमोजे घालून पक्कडीने तिचे तुकडे मोडत नटाच्या कडेपर्यंत जायचे, मग नटाखाली दबलेला भागही जमेल तेवढा कुरतडायचा. नट याच चकतीवर दाबून बसलेला असतो. ती भुगा झाली की दाब जातो आणि नट साध्या पान्याने सुटतो.

नवी डिस्क बसवताना नटाची बाजू पाहावी. बऱ्याच नटांना एका बाजूला उंचवटा असतो. जाड ग्राइंडिंग डिस्कला तो आत जातो, पातळ कटिंग डिस्कला बाहेर राहतो. उलटा लावला तर उंचवटा आतल्या फ्लँजला टेकतो, नट घट्ट वाटतो, पण डिस्क सैलच राहते. हाताने हलवून पाहिल्यावर ती डुगडुगते. डिस्कवर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नसावा. नट पान्याने बेताने आवळला तरी पुरतो, बाकीचे काम मशीन करते. लॉक सुटल्याची खात्री करून, डिस्कच्या रेषेत कुणी उभे नसताना मशीन मिनिटभर रिकामी चालवावी.