बॅटरी खातंय, एक तारा

ऑक्टोबर 2015. आयफोनवरचं फेसबुक बॅटरी फस्त करतं, अशी ओरड सुरू होती. पार्श्वभूमीत चालायची परवानगी काढून घेतली तरी सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या यादीत ते वरच दिसे. कंपनीचे अभियंते अ‍ॅरी ग्रँट यांनी मग जाहीर खुलासा केला. नेटवर्कच्या कोडमधला एक भाग प्रोसेसरला उगाच फिरवत ठेवत होता, गाडीत बसलेलं पोर सारखं ‘आलं का?’ विचारतं तसा. शिवाय व्हिडिओ बघून अ‍ॅपमधून बाहेर पडल्यावरही कधीकधी ध्वनीचं सत्र उघडंच राही, त्यामुळे आवाज नसतानाही अ‍ॅप जागं असे. काही दुरुस्त्या त्याच दिवशीच्या आवृत्तीत आल्या, पुढच्या सुधारणांचं काम चालू असल्याचंही त्यांनी सांगितलं.

हा खुलासा वाचनीय ठरतो तो त्यातल्या नेमक्या कारणांमुळे. छोट्या अ‍ॅपच्या निर्मात्याला मात्र बहुधा एवढंच मिळतं: ‘बॅटरी खातंय.’ एक तारा. गूगल प्लेवर त्याला 350 अक्षरांत उत्तर द्यायचं असतं आणि ते सगळे वाचतात.

समजा, अ‍ॅप पायी फेरीचा मार्ग नोंदवणारं आहे. तक्रारीसोबत निर्मात्याला फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आणि अ‍ॅपची आवृत्ती बहुतेक वेळा दिसते. शोध तिथूनच सुरू करावा. पहिलं उत्तर साधं हवं: ‘त्रासाबद्दल माफ करा. फेरी थांबवल्यावरही बॅटरी उतरते का? तेव्हा नेट होतं का? आम्ही तपासतोय. दिलेल्या ई-मेलवर कळवलंत तर मदत होईल.’ ‘फोन जुना असेल’ हे वाक्य टाळलेलंच बरं. वाचणाऱ्याला त्यातून हात झटकल्याचाच वास येतो.

मग तसाच फोन घेऊन जुनी नोंद पुसायची, केबल काढायची, नेट बंद करून फेरी थांबवायची, स्क्रीन विझवून फोन काही तास ठेवायचा आणि अहवाल काढायचा:

```
adb shell dumpsys batterystats --reset
adb bugreport
```

टक्के किती उतरले यावर भिस्त ठेवू नये. रेंज कमी असली तरी बॅटरी उतरतेच. बघायचं ते अ‍ॅपने वेकलॉक, म्हणजे स्क्रीन बंद असतानाही प्रोसेसरला झोपू न देणारी पकड, किती वेळ धरून ठेवला. इथे तो तासन्‌तास धरलेला दिसला. कारण कोडमध्ये सापडलं: फेरी सर्व्हरवर पोचली तरच वेकलॉक सुटायचा. नेट नसलं की पाठवणं फसायचं आणि सोडायची ओळ चालायचीच नाही. ती ओळ `finally` मध्ये हलवली आणि वेकलॉकला कालमर्यादाही घातली. तीच चाचणी पुन्हा केल्यावर पकड काही सेकंदांत सुटली.

नवी आवृत्ती आधी थोड्या लोकांना द्यायची, अँड्रॉइड व्हायटल्समध्ये वेकलॉकचे आकडे घसरतात का ते पाहायचं आणि मगच सर्वांना. त्यानंतर तेच उत्तर बदलून लिहायचं: ‘नेट नसताना फेरी थांबवली तर अ‍ॅप जागंच राहत होतं. ताज्या आवृत्तीत दुरुस्त केलंय. अपडेट करून पाहा, तरीही बॅटरी उतरली तर जरूर कळवा.’ तारे वाढवा, अशी गळ घालायची नाही. तक्रारदाराला उत्तराची सूचना जाते; वाटलं तर तो स्वतःच शेरा बदलतो.