सहा मिनिटांचे मोदक दोन मिनिटांत

गणपतीत काढलेला मोदकांचा व्हिडिओ बहुतेक मराठी घरांत कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये असतोच. तो शेवटपर्यंत पाहणारं माणूस मात्र मिळणं कठीण. दोष मोदकांचा नसतो आणि करणाऱ्या आत्याचाही नसतो. मधली मधली कंटाळवाणी मिनिटं कुणी काढलेलीच नसतात, एवढंच. ती काढायला संगणक लागत नाही. InShot, VN, KineMaster यांपैकी कुठलंही ॲप चालतं. बटणांच्या जागा थोड्या इकडेतिकडे असतात, काम तेच.

एक उदाहरण घेऊ. फोन ओट्यावर टेकवून आत्याच्या हातांचा व्हिडिओ घेतला आहे, 5 मिनिटं 40 सेकंदांचा. मोदकपात्राचं झाकण उघडतानाचा 20 सेकंदांचा दुसरा तुकडा वेगळा आहे. एकूण सहा मिनिटं. ॲपमध्ये नवा प्रोजेक्ट उघडून दोन्ही क्रमाने घेतले की खाली चित्रांची एक लांब पट्टी दिसते आणि मधोमध एक उभी रेघ. पट्टी बोटाने सरकवायची, रेघेखाली जे येईल ते वरच्या पडद्यावर दिसतं. दोन बोटांनी पट्टी ताणली की सेकंदांचेही बारीक भाग दिसू लागतात. कापायच्या आधी ती ताणून घ्यावीच, नाहीतर शब्दाचं शेपूट हमखास तुटतं.

पहिले 20 सेकंद फोन टेकवण्यात गेलेत आणि शेवटचे 4 तो बंद करायला हात येतो त्यात. हे दोन्ही भाग पट्टीच्या टोकांना धरून आत ओढले की गेले. मधलं काढायचं असेल तर रेघ तिथे आणून Split दाबायचं, नको त्या भागाच्या शेवटी पुन्हा Split, आणि मधला तुकडा निवडून Delete. यात मूळ व्हिडिओला धक्का लागत नाही. ॲप फक्त कुठून कुठपर्यंत दाखवायचं याची नोंद ठेवतं. म्हणून काम पुरं होईपर्यंत गॅलरीतला मूळ व्हिडिओ पुसू नये. पुसला तर ॲपमधल्या प्रोजेक्टला दाखवायला काहीच उरत नाही.

कुठे कापायचं हे कानाने ठरवावं. आत्या 70 सेकंद उकडीबद्दल बोलतेय: पाणी उकळलं की मीठ-तूप, मग पिठी, मग झाकण. मध्येच “अगं, ते झाकण कुठे ठेवलंस?” आणि पाठोपाठ शोधाशोध. ती शोधाशोध आणि दोन-तीन लांब थांबे काढले की 45 सेकंद उरतात. वाक्य संपल्यावर लगेच कापू नका, अर्धा सेकंद श्वासाला ठेवा. अगदी शब्दाला चिकटून कापलं की माणूस धापा टाकत बोलल्यासारखं वाटतं. चित्रात कापलेल्या जागी हात उडी मारल्यासारखा दिसतो. पुढचा तुकडा हाताच्या एखाद्या हालचालीच्या मध्यावर सुरू केला, तर ती उडी फारशी जाणवत नाही.

आता उकड मळणं, 90 सेकंद. इथे वेग वाढवायचा. तो तुकडा निवडून Speed मध्ये सहापट केला की 90 चे 15 सेकंद होतात. मूळ लांबीला वेगाने भागायचं, इतकाच हिशेब. पण घाई करू नका. मळता मळता आत्या दहा सेकंदांची मोलाची गोष्ट सांगून गेली आहे: उकड गरम असतानाच, हाताला पाणी-तूप लावून मळायची. सहापट वेगात तिचं बोलणं चिवचिवाट होईल. आवाजाचा सूर वाढू न देण्याची सोय काही ॲपमध्ये असते, पण इतक्या वेगात शब्द कळण्याची आशा सोडावी.

म्हणून वेग वाढवण्याआधी त्याच तुकड्यावर Extract Audio किंवा तशाच नावाचा पर्याय दाबायचा. आवाज चित्रापासून सुटून खाली स्वतंत्र पट्टीवर येतो. त्यातली ती दहा सेकंदं ठेवून बाकीचा आवाज कापायचा, मग वरच्या चित्राचा वेग वाढवायचा. चित्र आखडलं की आवाजाची पट्टी हवी तिथे सरकवून घ्यायची. आता 15 सेकंद हात भराभर मळताहेत आणि वर आत्या तिच्या नेहमीच्या लयीत बोलतेय. चौकटीत तिचा चेहरा नाही, फक्त हात आहेत, त्यामुळे ओठ जुळण्याचा प्रश्नच येत नाही. नवशिक्या माणसाने एकच युक्ती शिकायची ठरवली तर मी हीच शिकायला सांगेन.

पहिल्या मोदकाची पारी आणि कळ्या मात्र आहे त्या वेगातच ठेवा. सगळे तेच पाहायला आलेले असतात. 60 सेकंदांतले 40 पुरतात. पुढच्या मोदकांचे 96 सेकंद आठपट वेगाने 12 सेकंदांत उरकावेत.

उरला झाकण उघडण्याचा तुकडा. 20 पैकी वाफ वर येते ती 4 सेकंदं ठेवून वेग अर्धा केला की 8 सेकंद होतात. फोन साधारणपणे सेकंदाला 30 चित्रं टिपतो. वेग अर्धा केला की त्याच एका सेकंदाला 15 चित्रं पुरवावी लागतात आणि चित्र धक्के खात चालतं. झाकण उचलणाऱ्या हातावर हे धक्के लगेच दिसतात, संथ वाफेवर नाही. म्हणून संथ भाग झाकण बाजूला झाल्यावरच सुरू करा. मुळात 60 चित्रांवर शूटिंग केलं असेल तर ही अडचण येत नाही. संथ केलेला आवाज घोगरा होतो, तो Volume मध्ये शून्यावर आणावा.

हिशेब करा: 45, 15, 40, 12 आणि 8, म्हणजे बरोबर दोन मिनिटं.

संगीत सगळ्यात शेवटी. आधी लावलं तर प्रत्येक कापाकापीबरोबर ते पुन्हा जुळवत बसावं लागतं. बोलण्याचा आवाज 100 वर असेल तर त्याखालचं संगीत 10 ते 15 वर पुरे, आणि वाफेच्या तुकड्यावर 60 पर्यंत चढवा. त्यासाठी संगीताची पट्टीही Split ने तोडता येते. शेवटी Fade out द्या, म्हणजे गाणं कडकन तुटत नाही. आत्याचा आवाज हळू आला असेल तर तो थोडाच वाढवा, कारण त्याबरोबर पंख्याची घरघरही तेवढीच वाढते. व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा असेल तर सिनेमातलं गाणं टाळावं. त्यांची यंत्रणा गाणं ओळखते आणि मग व्हिडिओवर हक्काचा दावा लागू शकतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट वापरता येणारं संगीत मिळतं.

Export करताना 1080p आणि 30 ठेवा. मूळ व्हिडिओपेक्षा मोठा आकडा निवडला तर फाइल फुगते, चित्र स्पष्ट होत नाही. तयार झालेला व्हिडिओ एकदा इअरफोन लावून आणि एकदा फोनच्या स्पीकरवर पूर्ण ऐका. इअरफोनमध्ये छान वाटलेलं संगीत स्पीकरवर आत्याला गिळून टाकतं, असं बऱ्याचदा होतं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर तो दाबून लहान केला जातो, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ तुकडे पुसायचे असतील तर हे सगळं झाल्यावरच पुसा.