एक टन वाफेची पडतळ

इचलकरंजीतल्या एखाद्या कापड प्रोसेस हाऊसला इंधनाचे चार दर आले आहेत असं समजू. दगडी कोळसा कारखान्यात पोच ९ रुपये किलो, शेतातल्या काडीकचऱ्याच्या ब्रिकेट साडेसात रुपये किलो, फर्नेस ऑइल ५० रुपये किलो आणि पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू ५० रुपये घनमीटर. हे दर मी हिशेबापुरते धरले आहेत. बाजारात ते सतत हलतात, म्हणून वाचकाने त्यांच्या जागी आपल्या बिलातले आकडे घालावेत, रीत तीच राहील. यातलं स्वस्त कोणतं, हे या चार दरांवरून मात्र कळत नाही. कारखान्याला हवी असते जिगरला आणि ड्रायिंग सिलिंडरला लागणारी वाफ. तेव्हा पडतळ काढायची ती वाफेची.

त्यासाठी पहिला आकडा लागतो उष्मांकाचा, म्हणजे एक किलो इंधन पूर्ण जळलं तर किती किलोकॅलरी उष्णता मिळते त्याचा. फर्नेस ऑइलचा उष्मांक साधारण १०,२०० असतो. वायूचा दर घनमीटरला ९,३००च्या आसपास. आपण धरलेल्या मध्यम प्रतीच्या कोळशाचा ५,००० आणि बऱ्यापैकी सुक्या ब्रिकेटचा ३,९५०. दराला उष्मांकाने भागलं की हजार किलोकॅलरीला कोळसा १ रुपया ८० पैसे, ब्रिकेट १ रुपया ९० पैसे, तेल ४ रुपये ९० पैसे आणि वायू सुमारे ५ रुपये ४० पैसे पडतो. किलोच्या दरात ब्रिकेट कोळशापेक्षा दीड रुपयाने स्वस्त होती, ती इथेच थोडी महाग ठरली.

पण ही झाली चुलीत घातलेली उष्णता. त्यातली काही चिमणीतून जाते, काही राखेत राहते, काही बॉयलरच्या अंगावरून हवेत जाते. तेलाचा चांगला राखलेला बॉयलर शंभरातली ८४ टक्के उष्णता वाफेत उतरवतो, वायूचा ८२, आणि हाताने झोकायच्या जाळीवर कोळसा किंवा ब्रिकेट जाळणारा लहान बॉयलर ७० टक्के उतरवला तरी बरा म्हणायचा. साठ अंशांच्या पाण्यापासून १० किलो दाबाची एक टन वाफ करायला सुमारे ६ लाख किलोकॅलरी पाण्यात जाव्या लागतात. या हिशेबाने एक टन वाफेला ७० किलो तेल लागतं, म्हणजे ३,५०० रुपये. वायू ७९ घनमीटर, ३,९३० रुपयांचा. कोळसा १७१ किलो, १,५४० रुपयांचा. ब्रिकेट २१७ किलो, १,६३० रुपयांची.

तेल आणि वायू घन इंधनांच्या दुपटीहून महाग पडतात, म्हणूनच वाफेवर चालणारे इतके लहान कारखाने आजही फायरमनच्या फावड्यावर उभे आहेत. वायू का परवडत नाही असं विचारणाऱ्यांनी हा फरक आधी पाहावा.

वायूच्या बाबतीत एक घोळ हमखास होतो. बर्नर विकणारा सांगतो, आमची कार्यक्षमता ९२ टक्के. तो खोटं बोलत नाही, पण त्याचा आकडा निव्वळ उष्मांकावर असतो आणि वायूचं बिल येतं ढोबळ उष्मांकावर. वायूत हायड्रोजन भरपूर. तो जळला की पाणी होतं, ते वाफेच्या रूपात चिमणीतून निघून जातं आणि जाताना सुमारे दहा टक्के उष्णता घेऊन जातं. ढोबळ उष्मांकात ही उष्णता धरलेली असते, निव्वळमध्ये वजा केलेली असते. ९२ला ०.९ने गुणलं की येतात ८३, आणि बिलाशी जुळणारा आकडा हाच. तेलात हा फरक सहा टक्क्यांच्या आसपास असतो, कोळशात त्याहून कमी. चारही इंधनं एकाच मापाने मोजली नाहीत तर सगळा ताळेबंद वाकडा होतो.

कर धरायचा तोही आपल्या खिशातून शेवटी किती गेला, यावर. फर्नेस ऑइल, कोळसा आणि ब्रिकेट जीएसटीत आहेत, त्यामुळे भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. नैसर्गिक वायू जीएसटीबाहेर आहे. महाराष्ट्राने त्यावरचा व्हॅट एप्रिल २०२२ पासून साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला, पण तो जीएसटीतून वळता होत नाही, खर्चातच राहतो.

खरी फसगत होते ती घन इंधनात, आणि तिचं कारण बहुतेक वेळा ओलावा असतो. ब्रिकेटचा नमुना प्रयोगशाळेतून येतो तेव्हा दाखल्यावर मोठ्या अक्षरात कोरड्या मालाचा उष्मांक असतो, समजा ४,३००. कारखान्यात येणारी गाडी मात्र ओलाव्यासकट काट्यावर चढते. ओलावा ८ टक्के असेल तर उष्मांक ३,९५० उरतो, आपण वर तोच धरला. पावसाळ्यात ताडपत्रीखाली भिजलेल्या मालात ओलावा २० टक्क्यांवर गेला की तो ३,४४०वर येतो. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. ते जादा पाणी भट्टीत उकळून चिमणीबाहेर काढायला पुन्हा उष्णता लागते, किलोला साडेसहाशे किलोकॅलरींच्या पुढे. भट्टी थंडावते, धूर वाढतो आणि ७० टक्क्यांची कार्यक्षमता साडेसदुसष्टवर येते. आता एक टन वाफेला २१७ऐवजी २५८ किलो ब्रिकेट लागतात आणि पडतळ १,६३०वरून १,९४० रुपयांवर जाते. दर तोच, विक्रेता तोच, आणि टनाला तीनशे रुपयांचा फटका. बिलात तो कुठेच दिसत नाही.

कोळशाच्या दाखल्यातही हेच लपलेलं असतं. परदेशी कोळशाचा उष्मांक बऱ्याचदा हवेत सुकवलेल्या नमुन्यावर सांगतात. अशा नमुन्यात ओलावा १० टक्के आणि उष्मांक ५,५०० असेल, आणि गाडीत एकूण ओलावा २० टक्के भरला, तर ५,५००ला ८०ने गुणून ९०ने भागायचं. हाती येतात ४,८९०. पैसे मात्र साडेपाच हजाराच्या भावाने मोजले जातात. दाखल्यावर 'जसा मिळाला तसा' या आधारावरचा आकडा मागितला की हा वाद मिटतो.

ओलावा तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. गाडी रिकामी होताना वरून, मधून, तळातून अशा आठदहा ठिकाणचा माल घ्यायचा. वरचाच माल घेतला तर तो उन्हाने सुकलेला असतो आणि आकडा गोड येतो. सगळा माल पटकन फोडून मिसळायचा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, आणि असं करत किलोभर उरवायचा. तो वजन करून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचा, दर काही तासांनी पुन्हा वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की जितकं घटलं तितका ओलावा. ब्रिकेट हातात घेऊनही अंदाज येतो. कोरडी ब्रिकेट मोडताना कटकन तुटते, ओली फुगून चिरते आणि बोटांत तिचा भुसा होतो.

राखही बोलते. तीस टक्के राखेचा कोळसा घेतला तर शंभर किलोमागे तीस किलो राख निघणारच, पण तिच्यात न जळलेला कार्बन किती, हा प्रश्न आहे. राखेच्या ढिगात पंधरा टक्के कार्बन राहिला असेल तर साडेआठ टक्क्यांच्या आसपास उष्णता न वापरताच उकिरड्यावर गेली. राख काळी दिसते, तिच्यात कोळशाचे खडे हाताला लागतात. अशा वेळी दोष इंधनाचा नसतो. जाळीच्या फटी मोठ्या असतात, हवा कमी पडते, किंवा फायरमन दर अर्ध्या तासाला एकदम मोठा घाणा झोकतो. थोडं थोडं आणि वारंवार झोकलं, की त्याच कोळशातून जास्त वाफ निघते.

घन इंधनाचा आणखी खर्च पडतळीत धरायला हवा: झोकणारे आणि राख काढणारे हात, पंख्यांची वीज, धूळ पकडणारी यंत्रणा, शेड. दिवसाला दहा टन वाफ आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर वायू आणि कोळशातला फरक महिन्याला सव्वासहा लाखांच्या घरात जातो. त्यातून हे खर्च सहज निघतात. पण दिवसातून तीनच तास वाफ लागणाऱ्या छोट्या खाद्यपदार्थांच्या कारखान्याचं गणित वेगळं. रोज थंड भट्टी पेटवायची, दाब यायला तास घालवायचा, आणि काम संपल्यावर जाळीवर धुमसणारा कोळसा तसाच सोडायचा. कार्यक्षमता ५५ टक्क्यांवर येते आणि टनभर वाफेला १,९६० रुपये लागतात. वायूपेक्षा फायदा राहतो टनाला दोन हजारांच्या आत, आणि वाफ तर दिवसाला एक टनही लागत नाही. दोन माणसांच्या मजुरीत आणि पेटवणीत तो संपतो. तिथे वायूच बरा, कारण बटण दाबलं की पेटतो आणि बंद केला की थांबतो.

फर्नेस ऑइलची बाजू वाफेपुरती मला कमजोर वाटते. घट्ट तेल टाकीत गरम ठेवावं लागतं, बर्नरपाशी शंभर अंशांच्या वर न्यावं लागतं, आणि त्यातल्या गंधकामुळे चिमणीचा धूर फार थंड करता येत नाही, केला तर आम्ल साचून पत्रा खातं. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थानात पेटकोकबरोबर त्यावरही बंदी आणली. गुजरातेत मोरबीच्या टाइल कारखान्यांना तर इंधन निवडायलाच मिळालं नाही. कोळशापासून वायू बनवणारे त्यांचे गॅसिफायर २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंद करायला लावले, आणि पडतळ काहीही असली तरी त्यांना पाइपच्या वायूकडे वळावं लागलं.

प्रोसेस हाऊसपुरता प्रश्न उरतो कोळसा की ब्रिकेट एवढाच, आणि तो दर गाडीला नव्याने सोडवता येतो. बॉयलरच्या पाण्याला मीटर लावायचा, ब्लोडाउनचं पाणी वजा करायचं, इंधन काट्यावर तोलायचं आणि रोज एक भागाकार करायचा: एक किलो इंधनाला किती किलो वाफ. आपल्या हिशेबात कोळशाला ५.८ आणि कोरड्या ब्रिकेटला ४.६ येतात. आकडा ३.९वर घसरला तर समजायचं, माल ओला आला आहे. कोळसा ९ रुपयांना असताना कोरड्या ब्रिकेटला ७ रुपये १० पैशांपर्यंत दर देणं बरोबरीचं ठरतं. साडेसातला घेतलीच, तर विक्रेत्याशी करारात ओलाव्याची मर्यादा लिहून घ्यावी आणि दर उष्णतेला बांधावा. २० टक्के ओलाव्याच्या त्या गाडीचा दर मग ६ रुपये ३० पैशांच्या वर जात नाही.