उशिरा पोचलेला ओटीपी

मेसेजमधले सहाही आकडे जसेच्या तसे टाकूनही ॲप ‘ओटीपी चुकीचा आहे’ म्हणतं, तेव्हा चूक अनेकदा टाइप करणाऱ्याची नसते. समजा, दहा वाजता ओटीपी मागवला. चाळीस सेकंद काहीच आलं नाही, म्हणून ‘पुन्हा पाठवा’ दाबलं. दुसरा ओटीपी लगेच आला आणि वाटेत रखडलेला पहिला त्याच्या मागून. फोनवर सर्वांत वर दिसतो तो मागून आलेला, म्हणजे पहिला. माणूस तोच टाकतो. सर्व्हरने मात्र दुसरा काढताना पहिला बाद केलेला असतो.

टेस्टरच्या टेबलावर दोन्ही मेसेज ओळीने येतात, म्हणून तिथे हा घोळ दिसत नाही. तो मुद्दाम घडवावा लागतो. खऱ्या एसएमएस कंपनीऐवजी खोटा गेटवे जोडायचा, पहिला मेसेज ७० सेकंद अडवून धरायचा आणि दुसरा सोडून द्यायचा. यावर एक उपाय म्हणजे मुदत असेपर्यंत तोच ओटीपी पुन्हा पाठवणं. पण मुदत पाच मिनिटांची असेल आणि मागणी चार मिनिटं पन्नास सेकंदांनी आली, तर हातात उरतात दहा सेकंद. तेवढ्यात मेसेज उघडूनही होत नाही! म्हणून शेवटच्या मिनिटात नवा ओटीपी द्यायचा, असा नियम करून तोही तपासावा लागतो. शिवाय चुकीच्या प्रयत्नांची मोजणी ‘पुन्हा पाठवा’ दाबल्यावर शून्यावर येता कामा नये, नाहीतर चोराला अंदाज बांधायला मोकळं रान.

मुदत तपासायला कोणी पाच मिनिटं बसून राहत नाही. प्रोग्रामला खोटं घड्याळ देऊन ते पुढे सरकवतात: ४:५९ ला ओटीपी चालला पाहिजे, ५:०१ ला नाही. एकदा वापरलेला ओटीपी मुदतीतही दुसऱ्यांदा चालता कामा नये.

एकच मेसेज दोनदा येण्याचं कारण वेगळं. गेटवेने मेसेज घेतला, पण त्याची पोच आपल्या सर्व्हरपर्यंत आलीच नाही, की सर्व्हर तोच मेसेज पुन्हा पाठवतो. ओटीपीच्या बाबतीत हे खपून जातं. ‘खात्यातून ५,००० रुपये वजा’ हा मेसेज दोनदा आला, तर माणूस बँकेकडे धावतो. म्हणून प्रत्येक मेसेजला स्वतःचा क्रमांक द्यायचा आणि गेटवेने तो पाहून दुसरी प्रत गाळायची. टेस्टमध्ये पोच मुद्दाम गिळून टाकायची आणि किती मेसेज बाहेर पडले ते मोजायचं.

ईमेलची तऱ्हा आणखी निराळी. काही मेल सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला आधी `451` हे तात्पुरत्या नकाराचं उत्तर देतात. स्पॅम पाठवणारे सहसा परत येत नाहीत, हा त्यामागचा हिशेब. ईमेलच्या नियमावलीनुसार पुढचा प्रयत्न साधारणपणे निदान ३० मिनिटांनी करावा. पुष्कळ सर्व्हर त्याहून लवकर करतात, तरी पाच मिनिटांच्या ओटीपीला तेवढा उशीरही पुरतो. म्हणून पहिल्या खेपेला हटकून `451` म्हणणारा एक खोटा मेल सर्व्हर टेस्टमध्ये हवाच.